‘ऑडिटर वहिनी’ हे नाव कसं बंद झालं

माझ्या नवऱ्याचा मित्रांचा गट जुना आहे. पाच जण, कॉलेजपासूनचे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसायचं, हे लग्नाच्या आधीपासून चालत आलेलं. मला त्यातले बहुतेक जण मनापासून आवडतात, आणि म्हणूनच मला हे प्रकरण भांडण न करता मिटवायचं होतं. मिटायला जवळजवळ आठ महिने गेले. त्यात माझ्या दोन चुका झाल्या, नवऱ्याची एक झाली.

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आमच्यावर कर्ज होतं. मी एका वहीत रोजचा खर्च लिहायची, अगदी किरकोळ सुद्धा. त्या वहीमुळे आम्ही कर्ज ठरल्यापेक्षा लवकर फेडलं आणि मला तिचा अभिमान होता. एका बैठकीत गटातल्या सगळ्यात बोलक्या मित्राने मला ‘ऑडिटर वहिनी’ म्हटलं. मग ते नावच पडलं. मी खोलीत आले की ‘चला, पावत्या काढा’. नवऱ्याने नवीन बूट घातले की ‘मंजुरी मिळाली वाटतं’. एकदा मी कुणासाठी तरी भेट आणली होती, तर ‘वहिनींनी खर्च केला, तारीख लिहून ठेवा’. सगळे हसायचे. मीही हसायचे. पुढे पुढे तर त्यांनी म्हणायच्या आधी मीच म्हणायला लागले, ‘हो हो, वहीत लिहिलंय मी.’ ही माझी पहिली चूक. मला वाटलं होतं, आपणच आपल्यावर विनोद केला की त्याची धार जाते. झालं उलटं. तो विषय सगळ्यांसाठी खुला आहे, अशी परवानगीच त्यांना माझ्याकडून मिळाली.

घरी परतताना गाडीत आमची भांडणं व्हायची. मी म्हणायचे, ‘तुझे मित्र माझा अपमान करतात आणि तू दात काढतोस.’ तो म्हणायचा, ‘अगं, ते सगळ्यांनाच चिडवतात, तू त्यांना ओळखत नाहीस.’ मग मी त्याच्या मित्रांबद्दल बोलायचे, तो त्यांची बाजू घ्यायचा, आणि मला काय लागलं हे बाजूलाच राहायचं. असं दोनदा झाल्यावर मी ठरवलं की बैठकीच्या रात्री या विषयावर बोलायचं नाही.

त्यानंतरच्या दोन बैठकांत मी फक्त लक्ष दिलं आणि घरी येऊन लिहून काढलं. मला वाटायचं की सगळे मिळून सतत माझ्यावरच बोलतात. कागदावर चित्र वेगळं निघालं. दोन संध्याकाळी मिळून माझ्यावर सात वेळा विनोद झाले होते. त्यातले पाच वहीवरचे आणि त्यातले चार त्या एकाच मित्राचे. उरलेले दोन मी सगळीकडे वेळेच्या आधी पोचते यावरचे होते, आणि ते मला अजिबात लागले नव्हते. म्हणजे मला ‘चेष्टा बंद करा’ असं म्हणायचंच नव्हतं. मला एक विषय आणि एक नाव बंद करायचं होतं. मागणी एवढी लहान झाल्यावर ती बोलून दाखवणं कितीतरी सोपं गेलं.

दुसरी गोष्ट मला त्याच निरीक्षणात दिसली आणि ती जास्त महत्त्वाची ठरली. विनोद झाला की बाकीचे आधी माझ्या नवऱ्याकडे बघायचे. तो हसला की मग हशा व्हायचा. शिवाय वहीची गोष्ट त्यांना सांगितली कुणी? त्यानेच. त्याने ती कौतुकाने सांगितली असेल, पण सांगताना कर्जाचा भाग गाळला होता. त्यामुळे त्यांच्या डोक्यात फक्त पैशापैशाचा हिशोब मागणारी बायको उरली. जोडीदाराच्या मित्रांकडे आपल्याबद्दलचा कच्चा माल बहुतेक वेळा जोडीदाराकडूनच गेलेला असतो. म्हणून मी आधी मित्रांशी नाही, त्याच्याशी बोलले.

बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी, दोघंही निवांत असताना मी म्हटलं, ‘त्या वहीच्या विनोदाने मला लाज वाटते, कारण ती वही आपल्या दोघांच्या कर्जासाठी होती. आणि तू हसलास की ते जास्त लागतं. बाकी चिडवलेलं मला चालतं. या एका विनोदाला तू हसू नकोस.’ त्यात मित्रांबद्दल एकही वाक्य नव्हतं, त्यामुळे त्याला कुणाची बाजू घ्यावी लागली नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मी एकदम हसायचा थांबलो तर त्यांना वाटेल तू माझ्याकडे तक्रार केलीस.’ ही अडचण खरी होती, आणि आम्ही ती तिथेच सोडवायला हवी होती. पण तो ‘बघतो मी’ म्हणाला आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं.

पुढच्या बैठकीत त्याने फार जोर लावला. विनोद होताच म्हणाला, ‘तिला हे आवडत नाही, बास करा आता.’ खोलीत शांतता पसरली. मग उरलेली संध्याकाळ ‘जपून हां, वहिनी आहेत’ हाच नवा विनोद झाला. त्याने मनापासून माझी बाजू घेतली होती, पण ‘तिला आवडत नाही’ म्हटल्याने मी हळवी आणि तो माझा निरोप्या, असं चित्र तयार झालं. घरी आल्यावर मी त्याला दोष दिला नाही. आम्ही एक वाक्य ठरवलं, जे त्याने स्वतःच्या वतीने बोलायचं: ‘अरे, ती वही माझ्याही कर्जाची होती, तिच्यामुळे मी सुटलो.’ साध्या आवाजात, एकदाच, आणि लगेच दुसरा विषय काढायचा. त्यानंतर तो विनोद आला तर काही बोलायचं नाही, फक्त हसायचं नाही.

मी काय करायचं, हे मला वेगळं शिकावं लागलं. माझी दुसरी चूक इथली. एकदा त्या मित्राने पुन्हा पावत्यांचं काढलं तेव्हा मी म्हटलं, ‘तुम्ही सोडलेल्या नोकऱ्या लिहायला मात्र माझी वही पुरायची नाही.’ मोठा हशा झाला. त्याचा चेहरा उतरला. त्याची नोकरी नुकतीच गेली होती आणि ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी फोन करून माफी मागितली, वहीचा विषय मध्ये न आणता. हजरजबाबी उत्तर द्या, असा सल्ला खूप जण देतात. माझा अनुभव असा की उत्तर फसलं तर आपण हास्यास्पद ठरतो, आणि जमलं तर सामना सुरू होतो. दोन्हीकडे विनोद चालूच राहतो.

शेवटी उपयोगी पडलं ते फार साधं होतं. विनोद झाला की हसायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. बोलणाऱ्याकडे शांतपणे बघायचं, दोन श्वास जाऊ द्यायचे, आणि शेजारच्या दुसऱ्याच कुणाला तरी खरोखर विचारायचा होता तो प्रश्न विचारायचा. ‘तुमच्या आईंचं ऑपरेशन झालं का?’ असा. ते दोन श्वास फार लांब वाटतात. पहिल्यांदा माझे कान तापले होते आणि सवयीचं हसू ओठांपर्यंत आलं होतं. पण आता मी हसत नव्हते, नवरा हसत नव्हता, आणि बाकीच्यांची नजर आमच्या दोघांवरून रिकामी परत जात होती. दोन बैठकांत वहीचे विनोद एकावर आले. नाव मात्र टिकून होतं.

त्या नावासाठी मला त्या मित्राशी बोलावं लागलं. गटासमोर नाही आणि मेसेजवरही नाही, कारण मेसेजला आवाज नसतो आणि तो पुढे पाठवला जातो. तो एकदा नवऱ्याचं काही सामान परत करायला आला होता. दारातच, निघता निघता मी म्हटलं, ‘एक सांगायचं होतं. मला ऑडिटर म्हणू नका. ती वही आम्ही अडचणीत होतो तेव्हाची आहे.’

तो लगेच म्हणाला, ‘अहो वहिनी, गंमत होती ती. मनाला लावून घेऊ नका.’

हे उत्तर येणार, याची मी तयारी केली होती. चिडवण्याबद्दलचं एक संशोधन माझ्या वाचनात आलं होतं, जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांचं, २००६ सालचं. चिडवणाऱ्याला आपला हेतू आतून माहीत असतो, म्हणून त्याला ते निरुपद्रवी वाटतं. ऐकणाऱ्याला तो हेतू तेवढा दिसत नाही, त्याच्या वाट्याला शब्दच येतात. हे वाचल्यावर त्याचा हेतू वाईट होता असं सिद्ध करायची माझी गरजच संपली. मी म्हटलं, ‘गंमत होती हे मला पटतं. तरी ते नाव नको.’ तो म्हणाला, ‘सगळेच म्हणतात.’ मी म्हटलं, ‘हो. तुम्ही थांबलात की तेही थांबतील. ते नाव नको.’ तीच मागणी, त्याच आवाजात, नवीन कारण न देता. कारणं वाढवली असती तर त्याने एकेक खोडून काढलं असतं. तो जरा अवघडला, ‘बरं’ म्हणाला आणि गेला. सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नसतील.

पुढच्या दोन बैठका तो माझ्याशी मोजकंच बोलला. मला ते जड गेलं, एकदा वाटलंही की उगाच बोलले. मग साधारण दोन महिन्यांनी त्याने एकदा नाव घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, हसलेही नाही. नवऱ्याने त्याला त्याच्या नव्या कामाबद्दल विचारलं. त्यानंतर ते नाव मी ऐकलेलं नाही. आता तो मला नुसतं वहिनी म्हणतो, आणि वेळेच्या आधी पोचण्यावरून चिडवतो तेव्हा मी खरंच हसते.

हे सगळं जमलं कारण त्यांच्यात दुष्टावा नव्हता आणि नवरा ऐकणारा होता. गटातल्या आणखी एकाला मी असंच, एकट्यात, सांगितलं होतं. तो बायकांच्या शरीरावरून बोलतो. त्याने ‘बरं’ म्हटलं आणि पुढच्याच वेळी मुद्दाम, माझ्याकडे बघत, तेच केलं. स्पष्ट सांगून झाल्यावर पुन्हा होतं तेव्हा ती चेष्टा राहत नाही, आणि तिथे माझे दोन श्वास आणि प्रश्न चालत नाहीत. त्या संध्याकाळी मी अर्ध्या तासाने सगळ्यांचा निरोप घेऊन निघाले. नवराही उठला. त्या मित्राच्या घरी बैठक असली की मी जात नाही. नवरा जातो, मी त्याला थांबवत नाही, आणि मी का नाही आले असं कुणी विचारलं तर तो माझ्या तब्येतीचं वगैरे कारण सांगत नाही. ‘तिला यायचं नव्हतं’ एवढंच म्हणतो.