जी१ अडलं की नाही? सायटोमीटरवर अडकलेला माझा अनुभव

डीएनए तुटला की पी५३ पेशीला जी१ टप्प्यातच रोखतं, हे शिकवताना दोन मिनिटं लागतात. दाखवायला गेलं की जीव मेटाकुटीला येतो. पेशी वाढवणं, औषध घालणं हे सगळं सरळ पार पडतं. मग सामायिक फ्लो सायटोमीटरच्या यादीत आपला नंबर कधी लागतो याची वाट बघायची, आणि लागला की पडद्यावर जी१चा उंचवटा जागचा हललेलाच नसतो! चिडचिड तिथे होते, म्हणून त्या जागेबद्दलच लिहिते.

मी एचसीटी११६ वापरते. आतड्याच्या कर्करोगाच्या या पेशींत पी५३ शाबूत आहे, आणि पी५३चं जनुक काढून टाकलेलं त्यांचंच वाण तुलनेला मिळतं. हाताशी आहेत म्हणून हेला घेऊ नका. त्यांच्यात एचपीव्ही-१८चं ई६ प्रथिन पी५३ला नष्ट करवतं आणि ई७ आरबीला निकामी करतं. जे थांबताना बघायचं, त्याचे ब्रेक तिथे आधीच काढलेले असतात.

औषध डॉक्सोरुबिसिन, ०.२ मायक्रोमोलर, २४ तास. एरवी सायक्लिन डी सीडीके४ आणि ६ यांना धरून आरबीवर फॉस्फेट चढवायला सुरुवात करतं, सायक्लिन ई आणि सीडीके२ ते काम पुरं करतात, आरबीच्या तावडीतून ई२एफ सुटतं आणि डीएनएची प्रत निघू लागते. डीएनए तुटल्यावर एटीएम जागं होतं, एमडीएम२ला पी५३ संपवता येत नाही, साठलेलं पी५३ पी२१ बनवायला लावतं आणि पी२१ सीडीके२ला गप्प करतं. ई२एफ कोंडलेलंच राहतं.

मग जी१ वाढत का नाही? हिशेब करून बघा. समजा १०० पेशींपैकी ५० जी१मध्ये, ३० एसमध्ये आणि २० जी२-एममध्ये आहेत. औषधाने जी१चं दार लागलं, पण जी२चंही लागलं: चेक१मुळे सीडीसी२५ अडतं आणि सायक्लिन बीसोबतच्या सीडीके१वरचं अडवणारं फॉस्फेट निघत नाही. एसमधल्या ३० पेशी रखडत का होईना जी२पर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. आता जी१ ५०, जी२ ५०. जी१चा आकडा तोच, तरी तो पूर्ण अडलेला! नजर ठेवायची ती मधल्या एसच्या सपाट भागावर. तो ओस पडला पाहिजे.

तरीही शंका उरते की या ५०मध्ये नुकत्याच विभागून परत आलेल्या पेशी नसतील कशावरून? म्हणून शेवटचे १६ तास नोकोडॅझोल घालायचं, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली. ते पेशींना मायटोसिसमध्ये धरून ठेवतं, त्यामुळे मागच्या दाराने जी१मध्ये कोणी येत नाही. नुसत्या नोकोडॅझोलच्या बशीत जी१चा उंचवटा जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. तो झाला नाही तर बाकीच्या बशा वाचूच नका. दोन्ही औषधं दिलेल्या बशीत पी५३ असलेल्या पेशींचा जी१ बऱ्यापैकी टिकतो. पी५३ नसलेल्या पेशी मात्र जी१ सोडून दुप्पट डीएनएच्या उंचवट्यात जमतात. हा फरक दिसला की सुटलो.

एक राहिलंच: बशी ५०-६० टक्क्यांहून जास्त भरू देऊ नका. दाटीमुळे पी२७ वाढतं आणि औषध न देताही पेशी जी१मध्ये थांबतात.

रंगवताना ७० टक्के इथेनॉल बर्फासारखं गार हवं आणि ते थेंबथेंब, नळी हलवत घालायचं, नाहीतर गुठळ्या होतात. प्रोपिडियम आयोडाइड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, सोबत आरएनएज हवंच, कारण हा रंग आरएनएलाही चिकटतो आणि उंचवटे पसरट होतात. यंत्रावर वेग कमीत कमी ठेवा. चिकटलेल्या दोन जी१ पेशी जी२सारख्या दिसतात; PI-A विरुद्ध PI-W मांडून त्या वगळा. इथे घाई केलेली मला अजिबात खपत नाही, पुन्हा नंबर लावावा लागतो.

उरलेल्या पेशींचा वेस्टर्न ब्लॉट करा. लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज रोखणारी द्रव्यं नसतील, तर आरबीवरचं फॉस्फेट तिथेच गळतं आणि न अडलेल्या पेशीही अडल्यासारख्या दिसतात. आरबी ११० किलोडाल्टनच्या आसपास, पी२१ अगदी खाली; म्हणून ४ ते २० टक्क्यांचं ग्रेडियंट जेल घ्या. आठ टक्क्यांच्या जेलमधून पी२१ खालून निघून जातं, आणि मग लोक अँटिबॉडीला नावं ठेवतात.