सरावनोंद, टप्पा ३: 'निश्त' कुठे बसतो ते 'वाइल' लावून बघा

जर्मनमध्ये नकारासाठी निश्त वापरायचा की काइन, हा प्रश्न बराचसा सुटला आहे. वाक्यात निश्त कुठे ठेवायचा, तिथे मात्र गाडी अजून अडते. म्हणून निवडीचं थोडक्यात आणि जागेचं सविस्तर.

निवडीसाठी नामाच्या आधी काय आहे ते बघायचं. 'आइन' असेल किंवा काहीच नसेल, तर काइन. 'इश हाबं आइन आउटो' याचा नकार 'इश हाबं काइन आउटो'. 'इश ट्रिंकं काफे' याचा 'इश ट्रिंकं काइनन काफे'. काफे पुल्लिंगी आणि इथे कर्म आहे, म्हणून शेवटी 'अन' लागला. आइनला अनेकवचन नाही, काइनला आहे: 'इश हाबं काइनं गेश्विस्टर', म्हणजे मला भावंडं नाहीत. नामाआधी देअर-डी-दास, 'माझा-तुझा' किंवा नामच विशेषनाम असेल, तर निश्त. 'निश्त आइन आउटो' ही नेहमीची चूक. ऐकणाऱ्याला वाटतं, एक गाडी नाही, मग दोन आहेत की काय. 'निश्त फील त्साइट' मात्र बरोबर, कारण तिथे नकार वेळेचा नसून 'फील'चा, म्हणजे 'पुष्कळ'चा आहे. वेळ आहे, थोडा आहे.

आता जागा. मराठीत 'नाही' शेवटी येतं, हिंदीत 'नहीं' क्रियापदाच्या आधी. या दोन्ही सवयी जर्मनमध्ये अर्ध्याच कामाला येतात. हिंदीच्या वळणाने 'इश निश्त काउफं दास बूख' होतं, ते साफ चूक. मराठीच्या वळणाने 'इश काउफं दास बूख निश्त' होतं, ते बरोबर निघतं, म्हणून 'निश्त शेवटी' हाच नियम डोक्यात पक्का बसतो. मग 'आनरूफन' (फोन करणं) येतं आणि त्याच नियमाने 'हॉयटं आन निश्त' असं काहीतरी तोंडातून बाहेर पडतं.

उपाय असा: वाक्याआधी 'वाइल' (कारण) लावायचं. वाइलनंतर क्रियापद थेट शेवटी जातं, अगदी आपल्यासारखं. (बोलण्यात वाइलनंतरही क्रियापद दुसऱ्या जागी ऐकू येतं; कसोटीला लेखी रूपच धरा.) 'मी आज भावाला फोन करत नाही' हे घेऊ:

'वाइल इश माइनन ब्रूडर हॉयटं निश्त आनरूफं'

निश्त क्रियापदाला चिकटून, त्याच्या लगेच आधी. आता वाइल काढायचं आणि क्रियापदाचा फक्त चालवलेला भाग, म्हणजे 'रूफं', उचलून दुसऱ्या जागी न्यायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही:

'इश रूफं माइनन ब्रूडर हॉयटं निश्त आन'

निश्त जागचा हललेला नाही. त्याच्या पुढचं क्रियापद निघून गेलं आणि 'आन' तेवढा मागे राहिला. 'काउफं' अख्खंच्या अख्खं उठून जातं, म्हणून तिथे निश्त शेवटी पडल्यासारखा दिसतो. भूतकाळातही हेच. '...दास बूख निश्त गेलेझन हाबं' मधला 'हाबं' पुढे गेला की 'इश हाबं दास बूख निश्त गेलेझन'.

पुढची अडचण क्रियापदाच्या जोडीदारांची. 'ग्रोस झाइन' (मोठं असणं), 'इन पुणे व्होनन' (पुण्यात राहणं), 'नाख पुणे फारन' (पुण्याला जाणं) ही एकेक गाठोडी समजायची आणि निश्त अख्ख्या गाठोड्याच्या आधी ठेवायचा. म्हणून 'दास हाउस इस्ट निश्त ग्रोस', 'इश व्होनं निश्त इन पुणे'. ओळखायचं कसं? तो तुकडा गाळून बघा. 'घर आहे', 'मी राहतो' असं काहीतरी लटकत उरलं, तर तो गाठोड्यातला. 'हॉयटं' गाळला तरी वाक्य धड उभं राहतं, म्हणून तो निश्तच्या आधी.

ही गाळणी कर्माला लावू नका. 'दास बूख' गाळलं तरी वाक्य लटकतंच, पण ठरावीक कर्म निश्तच्या आधीच येतं. 'ऑफ्ट'लाही (वारंवार) ती चालत नाही. 'इश कोखं निश्त ऑफ्ट' यात स्वयंपाक होतो, वारंवार होत नाही. नकार 'ऑफ्ट'चा, म्हणून निश्त त्याच्या आधी.

निश्त मुद्दाम कर्माआधी आणला, तर अर्थ बदलतो. 'इश काउफं निश्त दास बूख' एवढंच म्हणून थांबलात, तर समोरचा 'झोंडर्न'ची (तर, उलट) वाट बघत राहतो: पुस्तक नाही, मग काय? 'झोंडर्न दास हेफ्ट' म्हणजे 'तर वही', हे जोडलं की वाक्य पुरं होतं.

पुढच्या खेपेचा सराव: 'क्योनन' (शकणं) आणि 'म्युसन' (भाग असणं) यांची १० वाक्यं, प्रत्येक आधी वाइल लावून लिहायचं आणि मग सोडवायचं. 'म्युसन' जपून वापरा: 'दू मुस्ट निश्त कोमन' म्हणजे 'तू यायलाच हवं असं नाही'. 'येऊ नकोस' म्हणायचं असेल, तर 'दू डार्फस्ट निश्त कोमन'.