शिमला-मनाली पॅकेज: बदललेलं हॉटेल, गाळलेलं रोहतांग आणि रिफंडचा हिशोब

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुलाची शाळा सुरू व्हायच्या आधी, आम्ही चौघं म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि मुलगा शिमला-मनाली करून आलो. मुंबईतल्या एका टूर कंपनीचं पॅकेज होतं, बुकिंग मुलुंडच्या त्यांच्या एजंटकडे केलं, चंदीगडपर्यंतचं विमान आमचं आम्ही काढलं आणि तिथून पुढचं सगळं त्यांच्याकडे. शिमला छान झालं, कुफ्री गर्दीत का होईना पण झालं, जेवण घरच्यासारखं होतं आणि ड्रायव्हर फार सांभाळून गाडी चालवायचा, हे आधी सांगते. पण मनालीत जे झालं आणि त्याचे पैसे कसे परत मिळाले ते सविस्तर लिहितेय, कारण पुढच्या सीझनला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

आयटिनररीत मनालीचं हॉटेल नावानिशी लिहिलेलं होतं, मॉल रोडपासून चालत दहा मिनिटांवर, लिफ्ट असलेलं, आणि आम्ही ते पॅकेज घेतलं ते त्याचसाठी, कारण आईंचे गुडघे दुखतात आणि संध्याकाळी त्यांना जरा बाजारात फिरायला आवडतं. शिमल्याहून निघाल्यावर वाटेत टूर मॅनेजरने सांगितलं की तिकडे ओव्हरबुकिंग झालंय, तुम्हाला 'तत्सम' हॉटेल दिलंय. ते तत्सम हॉटेल निघालं पतलीकूहलजवळ, मनालीच्या पंधरा-सोळा किलोमीटर अलीकडे. लिफ्ट नाही, एक रूम तिसऱ्या मजल्यावर. मॉल रोडला जायचं तर टॅक्सी, आणि सीझनमध्ये तिथले टॅक्सीवाले सांगतील तो भाव.

दुसरी गोष्ट रोहतांग. आयटिनररीत रोहतांग मंगळवारी होतं. सकाळी निरोप आला की वेदर खराब आहे, रोहतांग कॅन्सल, त्याऐवजी अटल टनेलमधून सिस्सूला जाऊ. बाहेर तर लख्ख ऊन. ड्रायव्हरदादांना विचारलं तर ते सहज बोलून गेले की मंगळवारी रोहतांग टुरिस्ट गाड्यांना बंदच असतो, रस्त्याच्या मेंटेनन्ससाठी, दर आठवड्याला. म्हणजे वेदरचा काही संबंधच नव्हता, प्लॅनिंगच चुकीचं होतं आणि बुकिंग घेतानाच हा दिवस होणार नाही हे माहीत असायला हवं होतं. सिस्सू सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण सिस्सूला परमिट लागत नाही, कोणीही मनालीहून साधी टॅक्सी करून जाऊ शकतो. रोहतांगला गाडीचं परमिट लागतं आणि रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे दोन्हीच्या किमतीत फरक आहे.

तर तुमच्या पॅकेजमध्ये रोहतांग असेल तर पैसे भरायच्या आधी कॅलेंडर काढून वार बघा. मंगळवार असेल तर तिथेच बदलून घ्या आणि बदललेली आयटिनररी ईमेलवर मागा. खरंच बर्फ किंवा दरड पडून रस्ता बंद झाला तर तो कोणाचा दोष नाही, पण तेव्हासुद्धा जे परमिट काढलं नाही आणि जी गाडी वर गेली नाही त्याचे पैसे कंपनीने ठेवून घ्यावेत असं मला वाटत नाही. फक्त तेव्हा मागणी तेवढीच राहते. चुकीच्या प्लॅनिंगमध्ये मात्र सगळी जबाबदारी कंपनीची, म्हणून कॅन्सल झाल्याचं कारण लेखी घ्या. मी मॅनेजरला व्हॉट्सॲपवर विचारलं, "दादा, रोहतांग का कॅन्सल झालं तेवढं इथे लिहून द्या," आणि त्यांनी लिहिलं, "वेदर". पुढे हाच मेसेज सगळ्यात जास्त कामाला आला.

तिथे असतानाच ज्या गोष्टी करायच्या असतात त्या परत आल्यावर करता येत नाहीत. हॉटेलचा बोर्ड, रूम, जिना यांचे फोटो, लोकेशन ऑन ठेवून. त्याच रात्री टूर मॅनेजरला आणि ऑफिसच्या ईमेलला दोन ओळी की ठरलेलं हॉटेल दिलेलं नाही, आम्ही नाइलाजाने राहतोय, फरकाचा हक्क सोडलेला नाही. आणि त्याच रात्री बुकिंग साइटवर दोन्ही हॉटेलांचे त्याच तारखांचे रेट स्क्रीनशॉट करून ठेवा, कारण आठवड्याने तेच रेट दिसत नाहीत आणि मग भांडायला आधार राहत नाही. आमच्याकडे असं दिसलं की ठरलेल्या हॉटेलची रूम ब्रेकफास्टसकट ५,८०० आणि दिलेल्याची ३,१००. गंमत म्हणजे ओव्हरबुकिंग म्हणाले त्या हॉटेलमध्ये त्या रात्री रूम शिल्लक दाखवत होते! तो स्क्रीनशॉट पण ठेवला.

शेवटच्या दिवशी बसमध्ये फीडबॅक फॉर्म फिरतो. सगळे दमलेले असतात, मॅनेजर चांगला मुलगा असतो, त्याचं नुकसान नको म्हणून लोक सगळीकडे 'एक्सलंट' टिक करतात. तोच फॉर्म नंतर कंपनी पुढे करते की बघा तुम्ही खूश होतात. आम्ही मॅनेजरचं कौतुक लिहिलं, पण हॉटेलच्या रकान्यात 'ठरलेलं दिलं नाही, रोहतांग झालं नाही, रिफंड अपेक्षित' असं लिहून सही केली आणि फॉर्मचा फोटो काढला.

आता हिशोब. पॅकेज चौघांचं १,२०,००० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी ६,०००, एकूण १,२६,०००. बरेच जण इथे रागाने 'अर्धे पैसे परत करा' म्हणतात आणि मग कंपनी त्यांना सहज उडवून लावते. त्यापेक्षा प्रत्येक आकड्याच्या मागे एक कागद असू द्या. हॉटेलचा फरक २,७०० गुणिले दोन रूम गुणिले तीन रात्री, म्हणजे १६,२००. रोहतांगसाठी मी त्यांच्याच वेबसाइटवरचा रेट घेतला, त्यांच्या दुसऱ्या एका पॅकेजमध्ये रोहतांग ॲड-ऑन म्हणून माणशी १,५०० ला विकतात, तर चौघांचे ६,०००. झाले २२,२००. या रकमेवरचा ५ टक्के जीएसटी १,११०, कारण जी सेवा दिलीच नाही तिच्यावरचा टॅक्सही परत यायला पाहिजे, कंपनी तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट काढू शकते, पण आपण मागितल्याशिवाय कोणी ते काढत नाही. वर दोन संध्याकाळी मॉल रोडला जायच्या टॅक्सीचे २,४००, यूपीआयने दिलेले, त्यामुळे पुरावा होता. एकूण मागणी २५,७१०.

परत आल्यावर हा हिशोब ईमेल केला, पंधरा दिवसांची मुदत दिली. एजंट म्हणाला माझं काही नाही, कंपनीशी बोला, कंपनी म्हणाली एजंटशी बोला. इथे जीएसटी इनव्हॉइस बघायचं, त्यावर ज्याचं नाव तो जबाबदार, आणि तरी दोघांनाही प्रत्येक मेलमध्ये ठेवायचं. मग दादरच्या ऑफिसमधून फोन आला, मॅडम, पुढच्या टूरवर माणशी २,००० चं व्हाऊचर देतो. नाही म्हटलं. ज्यांच्याबरोबर परत जायची इच्छा नाही त्यांचं व्हाऊचर घेऊन करायचं काय? मग १०,००० चा चेक, पण सोबत 'फुल अँड फायनल सेटलमेंट, कोणतीही तक्रार उरलेली नाही' असा कागद. त्यावर सही केली की पुढची दारं जवळजवळ बंद होतात, तेव्हा रक्कम पटलेली नसेल तर सही करू नका.

त्यांचे मुद्दे दोनच होते. पहिला, अटींमध्ये 'किंवा तत्सम हॉटेल' लिहिलंय. मी उत्तर दिलं की तत्सम म्हणजे दर्जा आणि जागा दोन्हीत तत्सम, गावाबाहेर पंधरा किलोमीटरवर बिनलिफ्टचं हॉटेल तत्सम होत नाही. दुसरा मुद्दा जरा हुशार होता, की आमच्या खरेदीच्या रेटमध्ये दोन हॉटेलांचा फरक फक्त ७०० चा आहे. मी लिहिलं की मग दोन्ही हॉटेलांची तुमची बिलं दाखवा, नाहीतर मी ग्राहक म्हणून जो भाव मोजला असता तोच धरावा लागेल. बिलं आली नाहीत.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, 1915 ला फोन करता येतो किंवा consumerhelpline.gov.in वर. हे समजून घ्या की हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीकडे तक्रार पोहोचवून उत्तर मागते. पण नेमका हिशोब आणि पुरावे जोडले असतील तर तेवढ्यानेही हालचाल होते. त्याचबरोबर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, मीच लिहिलेली, साध्या मराठीत, की अमुक दिवसांत पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. सोबत मॅनेजरच्या 'वेदर' मेसेजची प्रिंट आणि तो दिवस मंगळवार असल्याची नोंद.

आयोगात जायची वेळ आली नाही, पण माहिती काढून ठेवली होती. पॅकेजची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, e-jagriti.gov.in वर ऑनलाइन दाखल होते, आणि घटनेपासून 2 वर्षांच्या आत करायची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे ठाण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाला कंपनीच्या अटींत 'फक्त मुंबई न्यायालय' लिहिलंय म्हणून घाबरायचं कारण नाही. कागदपत्रं लावायला मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीत विचारा.

शेवटी कंपनीने हॉटेलचे पूर्ण १६,२०० मान्य केले. रोहतांगचे अर्धे, कारण सिस्सूला नेलं होतं, म्हणजे ३,०००. त्यावरचा जीएसटी ९६०. टॅक्सीचे नाही म्हणाले. २०,१६० खात्यात जमा झाले. सिस्सूचा मुद्दा मला प्रामाणिकपणे पटला आणि टॅक्सीसाठी आयोगापर्यंत जाण्यात अर्थ वाटला नाही, म्हणून मान्य केलं, पण सही पैसे जमा झाल्यावर केली, आधी नाही.

आमच्याच बसमधल्या डोंबिवलीच्या काकांनी तोंडी तक्रार केली होती, लेखी काहीच नाही, त्यांना अजून व्हाऊचरवरच ठेवलंय. मी त्यांना माझे फोटो आणि स्क्रीनशॉट पाठवलेत, हॉटेल आणि तारखा त्याच आहेत त्यामुळे त्यांनाही चालतील, फक्त बुकिंग वेगळं म्हणून ईमेल त्यांच्या नावाने, त्यांच्या इनव्हॉइस नंबरसकट जायला हवा. त्या बॅचमधलं अजून कोणी असेल तर सांगा, तुम्हालाही पाठवते.