पाणी कुठं तापतं?

दुपारी किटली पालथी केली की तळाशी पांढरं कडं दिसतं. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघतो. मराठवाड्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या घरात याचं कुणाला नवल नाही. गिझरची कॉइलही अशीच पांढरी पडते. छत्रपती संभाजीनगरात वन-बीएचके घेतलेलं जोडपं मात्र कॉफी मशीन बघायला जातं तेव्हा दाब विचारतं, रंग विचारतं, ओट्यावर किती जागा लागेल तेही विचारतं. पाणी नेमकं कुठं तापतं आणि तिथं आपला हात पोचतो का, हे विचारायचं राहून जातं.

कॅप्सूल मशीन ओट्यावर वीतभर जागा घेतं. आत पाणी तापतं ते धातूच्या ठोकळ्यातल्या अरुंद नळीत, आणि क्षार तिथंच धरतात. कप भरायला वेळ लागतो, कॉफी कोमट येते, पंप कण्हायला लागतो. अशा वेळी कॅप्सूल न घालता नुसतं पाणी सोडून बघावं. तरीही धार बारीकच आली तर क्षार धरलेत. धार नीट असेल तर बिघाड कॅप्सूलमध्ये किंवा तिला भोक पाडणाऱ्या सुईत आहे. क्षार काढायला कंपनीचं द्रावण फिरवायचं. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरी वायसरमध्ये राहतो. शिवाय कॅप्सूलमध्ये कॉफी जेमतेम ५-६ ग्रॅम. पाऊण कप दूध घातलं की ती बिचारी कुठं जाते कळतही नाही.

बीन-टू-कप मशीनमध्ये तीच नळी, वर दळणारी चक्की आणि कॉफी दाबणारा भाग. हा भाग बाहेर निघत असेल तरच मशीन घ्यावं. आठवड्याला तो नळाखाली नुसत्या पाण्यानं धुवायचा. साबण लावला तर त्याचं वंगण जातं. काळ्याकुट्ट, तेलकट भाजलेल्या बिया चक्कीला चिकटतात. वरच्या भांड्यात दोन-तीन दिवसांपुरत्याच बिया ठेवाव्यात, मे महिन्यात तर नक्कीच. आणि दिवाळीला गावी जाताना चोथ्याचा डबा रिकामा करायला विसरलात तर परत आल्यावर त्यात हिरवी बुरशी वाढलेली असते. घरात रोज सहा-सात कप लागत असतील तर एवढी उस्तवार परवडते. दोघांच्या दोन कपांसाठी मला ती जास्त वाटते.

राहिलं हाताच्या दांड्याचं, बिनविजेचं एस्प्रेसो यंत्र. त्यात तापवायचं काही नसतंच. पाणी किटलीत उकळतं, क्षारही किटलीतच धरतात, डोळ्यांना दिसतात. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व घालून उकळायचं, वीस मिनिटं ठेवून ओतायचं, दोनदा विसळायचं. झालं. वीज गेली तर पाणी गॅसवर.

दांडा दाबणं सोपं, दळण अवघड. मिक्सरमध्ये एकाच वेळी पीठही होतं आणि भरडही राहते. मग पाणी भरडीतून वाट काढून पळतं आणि कॉफी एकाच वेळी आंबट नि कडू लागते. म्हणून एस्प्रेसोइतकं बारीक दळणारी हाताची चक्की हवी, आणि पैसे यंत्रापेक्षा तिच्यावर खर्च करावेत. १६ ग्रॅम बिया दळायच्या, यंत्राचं भांडं आधी उकळत्या पाण्यानं तापवून घ्यायचं, मग दांडा असा दाबायचा की २५ ते ३० सेकंदांत ३२ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरेल. पंधरा सेकंदांतच भसकन आली तर चक्की एक खूण बारीक करायची. दांडा हलेचना तर एक खूण जाड. खाली ओटा कडप्प्याचा असला तर बरं, डुगडुगतं टेबल इथं कामाचं नाही.

आरओचं पाणी घातलं की क्षारांचा प्रश्न मिटतो, पण टीडीएस मीटर ३०-४० दाखवत असेल तर कॉफी सपक लागते. मूळ पाणी पिण्यालायक असेल तर आरओच्या आतला टीडीएसचा स्क्रू थोडा सोडून आकडा १००-१२० वर आणावा. टँकर बदलला की आकडाही बदलतो, तेव्हा अधूनमधून मोजावं.

दांड्याच्या या यंत्राला वाफेची नळी नसते. दूध पातेल्यात बोट जेमतेम टेकवता येईल इतपत, म्हणजे ६० अंशांच्या आसपास तापवून बॅटरीच्या रवीनं घुसळायचं. साय आधी काढावी, नाहीतर ती रवीलाच गुंडाळते.

एका कपाला दळण्यापासून धुण्यापर्यंत पाच मिनिटं धरा. पाच पाहुणे आले तर शेवटच्याचा कप हातात येईपर्यंत पहिला चपला घालायला उठलेला असतो. त्या दिवशी सरळ चहा टाकावा.