वाशीचा कांदा बाजार, एक अर्धवट स्क्रीनशॉट आणि मंगळवारचा सौदा

शनिवारी रात्री जुन्नर तालुक्यातल्या मामेभावाने मला मोबाईलवर बाजारभावाच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिले, ‘‘दादा, मुंबईला दोन हजार चाललाय. आळेफाट्याला साडेचौदाशे. सोमवारी रात्री गाडी भरू का?’’ त्याच्या कांदा साठवायच्या चाळीत साधारण 60 क्विंटल उन्हाळी कांदा होता आणि त्याच्या हिशेबाने जवळच्या आळेफाट्याच्या बाजारापेक्षा मुंबईत क्विंटलमागे साडेपाचशेचा फरक पडत होता. तक्त्यातली ‘मुंबई’ म्हणजे वाशीचा बाजार; मी घाटकोपरला राहतो, तिथून तो तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून गाडी भरण्याआधी मी स्वतः जाऊन भाव पाहून येतो, असे त्याला कळवले. रविवारी बाजार बंद असल्याने सोमवारी पहाटेच निघालो.

कुर्ल्याहून हार्बरची लोकल पकडून वाशीला उतरलो आणि बाहेरून रिक्षा केली. ‘मार्केट’ एवढेच सांगू नये, कारण भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य यांचे बाजार वेगवेगळ्या आवारांत आहेत आणि रिक्षावाला तुम्हांला भाजी मार्केटच्या दारात सोडून मोकळा होतो. ‘कांदा-बटाटा मार्केट’ असेच सांगावे. भाजी मार्केटची मुख्य गडबड रात्रीच उरकते. कांद्याचा सौदा मात्र उजाडल्यावर रंगतो, त्यामुळे साडेसहा-सातला पोहोचले तरी चालते. पायांत बूट हवेत, कारण गाळ्यांपुढे कांद्याच्या पातीचा आणि चिखलाचा थर असतो, आणि डोक्यावर गोणी घेऊन येणाऱ्या माथाडी कामगारांना वाट देण्याचे भान ठेवावे लागते.

सुट्टीनंतरचा सोमवार असल्याने गाड्यांची रांग मोठी होती. एका गाळ्यावर मी अर्धा तास उभा राहिलो. अडत्याचा माणूस गोणीच्या शिवणीचे दोन टाके तोडून आत हात घालत होता आणि वरचा नव्हे, मधला कांदा काढून खरेदीदाराच्या हातावर ठेवत होता. खरेदीदार तो अंगठ्याने दाबून मानेशी नरम आहे का ते पाहत होता आणि सालाचा पदर चोळून डबल पत्ती आहे की सुटते आहे, हे तपासत होता. भाव किलोवर बोलला जात होता. ‘‘सोळा’’, ‘‘साडेपंधरा’’, असे दोन शब्द झाले की वक्कल, म्हणजे एकत्र विकायला लावलेल्या गोण्यांचा गट, सुटत होते. दोन हजारांचा, म्हणजे किलोला वीसचा, भाव कोणाला मिळाला असे मी विचारले, तेव्हा अडत्याने हसून पलीकडच्या गाळ्याकडे बोट केले आणि सांगितले, ‘‘शनिवारी दोनच वक्कल गेले वीसला. एकसारखा, मोठा गोळा माल होता. बाकी सगळा पंधरा-सोळातच.’’

तिथेच उभे राहून मी मोबाईलवर स्क्रीनशॉट पुन्हा उघडला आणि चूक दिसली. कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात डावीकडून बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वांत शेवटी सर्वसाधारण दर असा क्रम असतो. मामेभावाच्या फोनवर शेवटचा रकाना पडद्याबाहेर राहिला होता. त्यामुळे चित्रात उजवीकडे शेवटी दिसणारा आकडा जास्तीत जास्त दराचा होता आणि त्याने तोच ‘भाव’ म्हणून वाचला. आळेफाट्याचा साडेचौदाशेचा आकडा मात्र तो स्वतः ऐकून होता, म्हणजे तो सर्वसाधारण दर होता. एका बाजाराचा शेंडा आणि दुसऱ्या बाजाराचे मधले खोड शेजारी ठेवल्यावर फरक साडेपाचशेचा दिसणारच.

दुसरी अडचण तारखेची होती. त्या तक्त्यात तारीख प्रत्येक ओळीत नसते. ओळींच्या वर एक वेगळी पट्टी असते आणि तिच्याखाली त्या दिवसाचे बाजार येतात. तुम्ही पडदा खाली सरकवून चित्र काढले की ती पट्टी वर निघून जाते. मामेभावाच्या चित्रात मुंबईची ओळ शनिवारची आणि आळेफाट्याची शुक्रवारची होती, कारण तिथे कांद्याचा लिलाव ठरलेल्या वारीच होतो. पुण्याची ओळही शुक्रवारची निघाली, कारण गुलटेकडीच्या बाजाराला शनिवारी सुट्टी असते. म्हणून स्क्रीनशॉट मागवताना फोन आडवा धरायला सांगावे, सातही रकाने दिसतात का ते पाहावे आणि तारखेची पट्टी असलेले एक वेगळे चित्र मागावे. जातीचा रकानाही वाचावा, कारण ‘लाल’, ‘लोकल’, ‘पांढरा’ आणि ‘उन्हाळी’ यांच्या ओळी खालीवर लागून येतात, आणि सोलापूरच्या लाल कांद्याशी आपल्या चाळीतल्या उन्हाळी कांद्याची तुलना करण्यात अर्थ नसतो. शिवाय तक्ता क्विंटलमध्ये असतो, वाशीत बोलणे किलोवर चालते आणि आळेफाट्याला दहा किलोवर. त्यामुळे ‘एकशे पंचेचाळीस’ ऐकून दचकू नये, ते साडेचौदाशेच आहेत.

भावाकडून मी पूर्ण चित्र मागवले आणि बाजारातल्या चहाच्या टपरीवर बसून हिशेब मांडला. सर्वसाधारण दर मुंबईचा 1,550, आळेफाट्याचा 1,450 आणि पुण्याचा 1,300 होता. बारदानाचा खर्च तिन्हीकडे सारखाच, कारण तिन्ही ठिकाणी माल गोणीतूनच जाणार होता. तो सोडून दिला. मग भावाला गाडीभाड्याचे आणि मागच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्यांवरच्या कपातींचे आकडे विचारले. माळशेज उतरून वाशीपर्यंत क्विंटलमागे भाडे 170 रुपये, हमाली, तोलाई आणि वाराई अशा बाजारातल्या मजुऱ्या मिळून 45, आणि रात्रभराच्या प्रवासात वजनात येणारी दीड टक्क्याची घट, म्हणजे सुमारे 23 रुपये; असे 238 रुपये वाटेतच जात होते आणि हातात 1,312 उरत होते. आळेफाट्याला भाडे 40 आणि बाकी खर्च 20, म्हणजे 1,390 उरत होते. पुण्याचे 1,150 च्या आतच येत असल्याने तो विषय तिथेच संपला.

या हिशेबातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे एकच आकडा. वाशीचा आणि आळेफाट्याचा खर्च यांत 178 रुपयांचे अंतर आहे. म्हणजे दोन्हीकडच्या सर्वसाधारण दरांत साधारण 180 रुपयांपेक्षा जास्त फरक असेल तरच मुंबईची गाडी भरावी. त्या दिवशी फरक 100 चा होता. हा आकडा भावाने आता चाळीच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे. डिझेल किंवा भाडे बदलले की तो बदलावा लागेल. जे नाशिककडून किंवा नगरकडून हा हिशेब करतील त्यांचा आकडा वेगळा येईल. लासलगावला कांदा गोणीत न भरता ट्रॅक्टरमधून मोकळाच लिलावाला नेतात, त्यामुळे तिकडच्यांनी वाशीच्या बाजूला गोणी आणि भराईचा खर्चही धरावा. माझ्यासारखा तो सोडून देऊ नये.

बाजार आळेफाट्याचा ठरला, तरी वाराचा प्रश्न राहिलाच. भावाला मंगळवार किंवा शुक्रवार यांतला एक निवडायचा होता. एका स्क्रीनशॉटवरून वार सांगता येत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो तक्ता झालेल्या सौद्याचा असतो, होणाऱ्या नव्हे. म्हणून त्याच बाजाराची मागच्या तीन आठवड्यांतली मंगळवारची आणि शुक्रवारची सहा चित्रे मागवली आणि दरापेक्षा आधी आवकेचा रकाना वाचला. तिन्ही आठवडे शुक्रवारची आवक मंगळवारपेक्षा चौथाईने जास्त होती आणि सर्वसाधारण दर 30 ते 50 रुपयांनी उतरलेला होता. हाच क्रम तीनदा आला म्हणून मी मंगळवार सुचवला; तो एकदाच आला असता तर सुचवला नसता. शिवाय दर पाहताना कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांतले अंतर पाहावे. आवक वाढली की चांगल्या वकलाचा दर फारसा हलत नाही, पण बारीक गोल्टी आणि हलका बदला माल खाली आपटतो, हे सहाही चित्रांत दिसत होते.

या पद्धतीची मर्यादा लगेच सांगतो. सणाच्या किंवा सुट्टीच्या आधीचा आणि नंतरचा बाजार या तुलनेत धरू नये, कारण बंद राहणार म्हटले की सगळेच माल काढतात आणि उघडला की अडकलेला माल एकदम येतो. माझा सोमवार तसाच होता, आणि त्या दिवशी वाशीचा भाव शनिवारपेक्षा पन्नासाने उतरलेला मी कानांनी ऐकला. नाशिककडच्या काही बाजारांत अमावस्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा आहे, म्हणून दिनदर्शिका जवळ ठेवावी. आणि सरकारी निर्णय आला की मागची सगळी चित्रे निकामी होतात. 2023 च्या 8 डिसेंबरला कांद्यावर निर्यातबंदी लागू झाली, त्या आठवड्यात कोणी मंगळवार-शुक्रवारचा पाढा वाचत बसला असता तर फसलाच असता.

‘‘मग महिनाभर थांबू का?’’ असे भावाने विचारले होते. त्याच्या चाळीत पावसाळ्यात महिन्याला सुमारे 6 टक्के वजन सड आणि घटीत जाते. म्हणजे आजच्या 1,450 ची बरोबरी करायलाच महिन्याने 1,543 मिळायला हवेत, आणि चाळ पुन्हा निवडण्याची मजुरी वेगळी. चार दिवसांच्या थांबण्याला हा हिशेब लागत नाही, महिन्याला लागतो.

अखेर त्याने माल निवडून 40 क्विंटल गोळा कांदा मंगळवारी आळेफाट्याला नेला आणि 20 क्विंटल गोल्टी मागे ठेवली. गोळ्याला 1,610 चा दर मिळाला, जो त्या दिवशीच्या सर्वसाधारण 1,480 पेक्षा बराच वर होता, कारण निवडलेल्या मालाची तुलना सरासरीशी करून आम्ही स्वतःलाच थोडे कमी धरले होते. शुक्रवारी मात्र आवक अपेक्षेपेक्षा कमी आली आणि सर्वसाधारण दर 1,510 झाला. त्याने रात्री त्या दिवसाचे चित्र पाठवले, या वेळी फोन आडवा धरून, तारखेच्या पट्टीसकट, आणि खाली एवढेच लिहिले, ‘‘दादा, तीस रुपये.’’ गोल्टी त्याने त्याच शुक्रवारी विकली होती.