पहिलं वाक्य भांड्याच्या बुडाबद्दल

इंडक्शनवरच्या रेसिपींच्या माझ्या चॅनेलचं नाव ठरलंय, लोगो एका ज्युनियरने फुकटात करून दिलाय, फोन टेकवायला पुस्तकांचा गठ्ठा पण तयार आहे (स्पर्धा परीक्षेची पुस्तकं शेवटी कुठेतरी उपयोगी पडली), आणि गाडी अडलीये ती इंट्रोच्या पहिल्या चार ओळींवर. "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर तुमचं मनापासून स्वागत" असं म्हणून बघितलं, तर रूममेट कॉटवरूनच म्हणाली, अगं हळदीकुंकवाला बोलावतेयस का?

तिचं बरोबर आहे. कारण हे बघणार कोण? पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा लावलेली पोरं-पोरी, आणि बघणार कधी, तर रविवारी संध्याकाळी. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद, हे ज्याने पुण्यात एक महिना काढलाय त्याला सांगायला नको. म्हणजे सात वाजलेत, पोटात कावळे ओरडतायत, समोर एक इंडक्शन, एक पातेलं, एक चमचा, आणि मी म्हणतेय स्वागत. ती पोरगी पुढे ढकलणार व्हिडिओ, मीही ढकलला असता.

मग "फक्त दहा मिनिटांत" वालं वाक्य सुचलं, ते तर मी लगेच कापलं, कारण ओटा नसलेल्या खोलीत डब्याच्या झाकणावर कांदा चिरायलाच सात मिनिटं जातात आणि मग कांद्याची सालं टाकायची कुठे हा प्रश्न वेगळाच.

खरं सांगायचं तर पहिलं वाक्य भांड्याच्या बुडाबद्दलच असायला हवं. ऐकायला अगदीच रुक्ष आहे, पण घरून येताना आईने जी ॲल्युमिनियमची कढई बॅगेत कोंबलेली असते ती इंडक्शनवर तापतच नाही, आणि हे बहुतेकांना प्लेट विकत घेतल्यावर कळतं. गॅसवर ज्योत भांड्याला तापवते. इंडक्शनमध्ये काचेच्या खाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा करंट जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच करंट फिरून बूड स्वतः तापतं. काच गरम होते ती भांड्यामुळे. म्हणून बूड असं पाहिजे की ज्याला लोहचुंबक घट्ट चिकटतो. ॲल्युमिनियम नाही, तांबं नाही, पितळ नाही. स्टीलमध्ये पण गंमत आहे, घरातली कितीतरी स्टीलची पातेली चुंबकाला अजिबात दाद देत नाहीत. फ्रिजवरचा, नाहीतर जुन्या कंपासपेटीच्या झाकणातला छोटा चुंबक घ्यायचा, भांडं उलटं करायचं, चिकटला तर घ्यायचं. भांड्यांच्या दुकानात हे करायला लाजायचं नाही, दुकानदारांना सवय असते.

बूड सपाट पण हवं, आणि पुरेसं रुंद हवं. साधारण बारा सेंटीमीटरच्या खालचं भांडं बऱ्याच प्लेट्सना दिसतच नाही, मग ती टुंग टुंग वाजते, स्क्रीनवर E0 किंवा तसलंच काहीतरी येतं आणि थोड्या वेळाने स्वतःच बंद होते. लोकांना वाटतं प्लेट बिघडली. बिघडलेली काही नसते, तिला फक्त भांडं सापडलेलं नसतं. आता यातून एक मोठी गोष्ट निघते जी गॅसवाल्या रेसिपी चॅनेलना कधी सांगावीच लागत नाही, ती म्हणजे फोडणीचं छोटं कढलं इथे चालत नाही, लोखंडाचं असलं तरी. त्यामुळे "वरून खमंग फोडणी द्या" हे वाक्य ज्या रेसिपीत आहे ती आपल्या खोलीत होत नाही, निदान एका भांड्यात तरी नाही. आपल्याला फोडणीपासून सुरू होणारे पदार्थच लागतात. म्हणून पहिला व्हिडिओ वरणाचा नाही, पिठल्याचा आहे.

दुसरी ओळ प्लगबद्दल. इंडक्शनचा प्लग जाड पिनांचा असतो, ती पंधरा-सोळा अँपिअरच्या पॉवर सॉकेटची पिन. जुन्या वाड्यातल्या खोलीत असतं ते बारक्या भोकांचं पाच-सहा अँपिअरचं सॉकेट, आणि मग कुणीतरी तीस-चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर आणून देतं. आता हिशोब करा, प्लेट 2000 वॅटची, घरात वीज 230 व्होल्ट, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट, आणि तो जातोय सहा अँपिअरच्या सॉकेटमधून, वर त्याच एक्स्टेंशनला दोन फोन आणि एक लॅपटॉप लटकलेला. एमसीबी पडला तर नशीब समजा. नाही पडला तर सॉकेट तापतं, भोकांच्या कडा तपकिरी होतात, जळक्या प्लास्टिकचा वास येतो. स्वयंपाक चालू असताना अधूनमधून एक्स्टेंशनच्या वायरला आणि प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून बघायचा, कोमट लागलं तरी बंद करायचं. प्लेट कमी आकड्यावर ठेवली की झालं असं काहीजण म्हणतात, पण स्वस्तातल्या प्लेट्स खालच्या आकड्यांवर कमी ताकदीने सलग चालत नाहीत, त्या मोठ्या ताकदीने थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशा करतात. तीनशे वॅटवर ठेवलेलं दूध बघा, उसळतं, शांत होतं, परत उसळतं. म्हणजे आकडा तीनशेचा असला तरी चालू असते तेवढा वेळ प्लेट त्याच्या कितीतरी पट खेचते. (आणि हॉस्टेलमध्ये इंडक्शनला परवानगीच नसेल तर माझं चॅनेल बघून रेक्टर मॅडमशी भांडायला जाऊ नका, फोडणीचा ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, लपत नाही.)

आणि याच कारणाने "मंद आचेवर" म्हणायचं नाही असं मी ठरवलंय. आच नाहीच आहे. मी आकडा सांगणार, आणि तो पण मॅन्युअल मोडमधला, कारण प्लेटवरची ती दूध, डोसा, करी वाली बटणं कंपनीच्या मनाने चालतात.

तर सध्या ओळी अशा झाल्यात: "तुमच्या पातेल्याच्या बुडाला चुंबक चिकटतो का ते आधी बघा. प्लग जाड पिनांच्या सॉकेटमध्येच लावा. एक प्लेट, एक पातेलं, एक झाकण, एवढ्यात आज पिठलं-भात. भात आधी." रूममेट म्हणते हे इलेक्ट्रिशियनचं चॅनेल वाटतंय. वाटू दे.

भात आधी का, तर गरम राहायची ताकद भातात जास्त. एक वाटी कोलम धुऊन वीस मिनिटं भिजत ठेवायचा, तेवढ्यात कांदा चिरून होतो. मग भिजलेलं पाणी काढून दोन वाट्या ताजं पाणी, मीठ, आणि हजारावर उकळी. उकळी आली की तीनशे-चारशेवर आणून झाकण, दहा-बारा मिनिटं. मध्ये झाकण उघडून चमच्याने ढवळायची फार इच्छा होते, नाही ढवळायचं. पाणी आटलं आणि भातावर छोटी छोटी भोकं दिसली की बंद, आणि पाच मिनिटं तसाच. मग सगळा भात मेसच्या रिकाम्या डब्यात काढायचा, झाकण लावायचं, टॉवेलमध्ये गुंडाळून पांघरुणात ठेवायचा. अर्धा तास आरामात वाफाळता राहतो. पातेलं विसळून, पुसून, परत प्लेटवर. पुसून हे महत्त्वाचं, ओल्या पातेल्यात तेल टाकलं की तडतडून अंगावर येतं.

पिठल्याचं पीठ आधीच कालवून ठेवायचं. अर्धी वाटी बेसन, त्यात आधी फक्त अर्धी वाटी गार पाणी घालून पेस्ट, गुठळ्या चमच्याने मोडून झाल्या की उरलेलं दीड वाटी पाणी. एकदम सगळं पाणी ओतलं की गुठळ्या तरंगत राहतात आणि मग त्या काही केल्या मोडत नाहीत. पीठ पेरून केलेलं पिठलं भारी लागतं हे मान्य, पण त्याला एक हात पेरायला आणि एक हात घोटायला लागतो, आणि प्लेटवर पातेलं सरकतं, ते धरायला तिसरा हात कुठून आणणार.

फोडणी इथे नाजूक. इंडक्शनवर पातळ बुडाचं पातेलं एका गोल पट्ट्यातच सगळ्यात जास्त तापतं, बरोबर खालच्या वेटोळ्याच्या वर, आणि बूड मध्ये थोडं फुगलेलं असेल तर तेल कडेला पळतं. बाराशेवर ठेवलं तर मोहरी तडतडायच्या आत काळी. सहाशे-आठशेवर ठेवायचं, तेल दोन चमचे, पातेलं जरा तिरकं करून तेल एका बाजूला आणायचं, त्यात मोहरी, ती तडतडली की जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, मग कांदा. कांदा पडला की तेलाचं तापमान उतरतं, तेव्हा हजारावर जायला हरकत नाही. कांदा मऊ झाला की परत खाली येऊन हिंग, हळद, मीठ. पातेलं फार वेळ उचलून धरलं की टुंग टुंग सुरू होतं, घाबरायचं नाही.

मग कालवलेलं पीठ तळातून ढवळून ओतायचं (बेसन खाली बसलेलं असतं), आणि इथून पुढे तीन-चार मिनिटं फोन बघायचा नाही. त्या तापलेल्या गोल पट्ट्यावरच पिठलं पहिलं धरतं, तेव्हा चमचा मध्ये नाही, त्या पट्ट्यावरून फिरवायचा. आधी दुधासारखं पातळ दिसतं आणि वाटतं पाणी जास्त झालं, मग अचानक दाटतं. रटरट करून वर उडायला लागलं की तीनशेवर आणून झाकण, पाच मिनिटं. झालं की नाही हे नाकाने कळतं, कच्च्या बेसनाचा वास गेलेला असतो आणि वर चकाकी येते. वास येत असेल तर अजून दोन चमचे पाणी आणि अजून दोन मिनिटं. बंद केल्यावर मेन स्विच लगेच पाडायचा नाही, आतला पंखा थोडा वेळ फिरू द्यायचा, आणि प्लेट गादीवर तर कधीच ठेवायची नाही कारण तो पंखा खालूनच हवा घेतो.

दोघींना पुरतं. कोथिंबीर असली तर घालायची, नसली तर खालच्या मेडिकलवाल्याकडे मागायला जाऊ नये. आणि त्या गोल पट्ट्यावर जी खरवड धरते ती कॅमेऱ्यात येणार नाही, कारण रूममेट लातूरची आहे आणि खरवडीसाठी ती चमचा घेऊन आधीपासूनच प्लेटच्या शेजारी बसलेली असते.