EST लिहिलं, पण वाजले किती?

जुळे सोलापुरात मी मुलांची इंटरव्ह्यूची तयारी करून घेतो. गोष्ट जुलैमधली. रात्री पावणेनऊला प्रशांतचा फोन. "सर, सव्वाआठपासून लिंक उघडून बसलोय, कुणीच येईना. आत्ता बघतो तर मेल येऊन पडलाय, आम्ही वाट पाहून कॉल बंद केला म्हणून."

इंटरव्ह्यू न्यूयॉर्कच्या एका कंपनीचा. मेलमध्ये वेळ होती `10:00 AM EST`. पोराने हिशोब चोख केला होता. EST म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागाची हिवाळ्यातली वेळ, आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे रात्रीचे साडेआठ. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात. तेव्हा तिथे EDT ही उन्हाळी वेळ चालू असते आणि फरक साडेनऊ तासांवर येतो. तिकडे बरेच जण सवयीने बारा महिने EST च लिहितात. खरी वेळ होती साडेसातची. सोबतच्या कॅलेंडर इन्व्हाइटमध्ये ती बरोबर दिसत होती, कारण त्यात `America/New_York` अशी जागेची नोंद असते आणि तासाची सरकासरक आपोआप होते. ते इन्व्हाइट मात्र याने उघडलंच नव्हतं.

त्याने लिहिलेला माफीचा मेल मी वाचला. तीन परिच्छेद, त्यातले दोन EST आणि EDT मधला फरक समजावणारे, वर स्क्रीनशॉट.

"चूक त्यांची आहे ना पण, सर?"

निम्मी तरी होतीच. पण ताटकळून उठलेल्या माणसाला कोण धडा शिकवतं? ते सगळं काढलं. नवा मेल न लिहिता त्याच मेलला उत्तर दिलं, म्हणजे समोरच्याला मागचं शोधत बसायला नको. पहिल्याच वाक्यात माफी आणि कुठला इंटरव्ह्यू चुकला ते. मग कारण एका ओळीत: वेळ मी तासभर उशिराची धरली, इन्व्हाइट पडताळायला हवं होतं. "नेटवर्क गेलं" असं लिहू का, हेही त्याने विचारलं. मी साफ नाही म्हटलं. तो सव्वाआठला जोडला गेल्याची नोंद त्यांच्याकडे असू शकते, मग खोटं तिथेच उघडं पडतं. शेवटी पुढच्या दोन दिवसांच्या वेळा दिल्या, न्यूयॉर्कच्या सकाळी 9 ते 11 आणि शेजारी आपले संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. खाली फोन नंबर.

सव्वानऊला मेल गेला. तिकडे पावणेबारा, ऑफिस भरलेलं. सकाळवर ढकललं असतं तर त्यांचा अख्खा दिवस निघून गेला असता.

तासाभरात उत्तर आलं: परवा सकाळी 9, आणि या वेळी नुसतं `ET`, म्हणजे EST किंवा EDT, तेव्हा जी चालू असेल ती. इंटरव्ह्यू झाला. नोकरी काही मिळाली नाही, एसक्यूएलच्या प्रश्नांवर गाडी अडली.